पाय ठेवून धरला की ब्रेकचं पेडल हळूहळू खाली बसतं, पण ऑइल कमी होत नाही

मृणाल_सातारा

नमस्कार. गाडी २०११ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही. बाबांची गाडी, सध्या मी वापरते. गेल्या पावसाळ्यात ती बराच काळ नुसती उभी होती. बाहेर काढल्यावर पेडल मऊ लागायला लागलं, म्हणून एका गॅरेजमध्ये ब्रेक ऑइल बदलून हवा काढून घेतली. एक मुलगा आत बसून पेडल मारत होता, दुसरा चाकापाशी निपल सोडत होता. गाडी ताब्यात घेतली तेव्हा पेडल छान कडक होतं.

आता वेगळाच प्रकार सुरू झालाय. गाडी चालताना ब्रेक लागतो. पण सिग्नलला पाय हलकेच ठेवून थांबले की पेडल पायाखालून सरकत सरकत खाली जातं. पाय उचलून पुन्हा दाबलं की परत वर. जोरात दाबलं तर मात्र खाली जात नाही, हे मला सगळ्यात विचित्र वाटतं. टाकीतल्या ऑइलची पातळी खूण करून पाहिली, तसूभर उतरलेली नाही. चारही चाकांच्या आतल्या बाजूला हात फिरवला, सगळं कोरडं. गॅरेजवाले म्हणतात पुन्हा आणा, पुन्हा हवा काढू. काढून घेऊ का?

चाकोरी

हवाच आहे. पेडल मऊ म्हणजे लाइनमध्ये हवा, यात दुसरं काही नसतं. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, म्हणून पेडल खाली जातं. त्यांनी घाईत काढली असेल. मागच्या डाव्या चाकापासून सुरू करा, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. बाटलीत बुडबुडे यायचे थांबेपर्यंत काढत राहायचं.

डेपोवाले_काका

मुली, आधी कॉम्प्रेसर बघून घे. टाकीत हवा पुरेशी भरत नसेल तर ब्रेक असाच ढिला पडतो. आम्ही सकाळी गाडी डेपोतून काढायच्या आधी काटा वर आला का ते बघायचो. टाकीतलं पाणीही रोज सोडायचं. ते राहिलं की झडपा चिकटतात.

मृणाल_सातारा

काका, या गाडीत हवेची टाकी नाही हो. छोटी गाडी आहे, ऑइलचा ब्रेक.

डेपोवाले_काका

असं होय. मी एसटीच्या हिशोबाने बोललो. आमच्याकडे हवा नसली की पंचाईत, तुमच्याकडे हवा शिरली की पंचाईत. जाणकार कोणी आलं की त्याचं ऐक, आणि तोवर गाडी घाटात नेऊ नकोस.

हत्यारपेटी

कोल्हापुरात ब्रेक आणि क्लचचंच काम करतो. ताई, पुन्हा हवा काढायला देऊ नका. का ते सांगतो.

चाकोरी यांचं अर्धं बरोबर आहे. लाइनमध्ये हवा असली की पेडल मऊ लागतं, दाबत गेलं की स्पंजासारखं दबतं. पण एका ठिकाणी येऊन ते थांबतं आणि तिथेच राहतं, कारण हवा दाबायची तेवढी दाबली गेली की पुढे जायला जागा नसते. भराभर तीन-चार पंप मारले की तेच पेडल वर येतं आणि कडक लागतं. ताईंचं पेडल पायाचा जोर तसाच ठेवला तरी चालतच राहतंय. म्हणजे दाबलेलं ऑइल कुठून तरी निसटतंय. बाहेर निसटत असेल तर टाकी उतरेल. टाकी उतरत नाही, म्हणजे ते मास्टर सिलेंडरच्या आतल्या आत, रबरी कपाच्या कडेवरून मागे जातंय आणि फिरून टाकीतच येतंय.

जोरात दाबल्यावर खाली जात नाही, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. निदान त्यातच आहे. कपाच्या कडेची पातळ ओठासारखी पाळ ऑइलच्या दाबानेच भिंतीला चिकटते. जोरात दाबलं की दाब मोठा, पाळ घट्ट बसते आणि झिजलेला कपही धरून ठेवतो. हलका पाय असला की पाळ सैल राहते आणि ऑइल वाट काढतं. म्हणून सिग्नलला हे कळतं आणि रस्त्यावर कळत नाही. कित्येक ठिकाणी मेकॅनिक गाडीत बसतो, जोरात लाथ मारतो आणि "चांगला आहे की" म्हणून गाडी परत देतो.

घरी एवढं करून बघा. इंजिन बंद ठेवा. पाच-सहा वेळा पेडल मारून बूस्टरमधला व्हॅक्यूम संपवा. पेडल कडक होईल. मग अंगठ्याच्या आसपासच्या भागाने, अगदी हलक्या जोराने, एक मिनिट धरून ठेवा. कोणाला तरी टाकीचं झाकण उघडून ऑइलकडे बघायला सांगा. तोंड फार जवळ न्यायचं नाही, डोळ्यांवर चष्मा असू द्या, आणि ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंग सोलला जातो. पेडल दाबताच एकदा उसळी दिसेल. ती सगळ्याच गाड्यांत दिसते, ते सोडून द्या. नंतर पेडल बसत असताना तळाशी ऑइल हलताना दिसतंय का, ते बघायचं.

चाकोरी

इंजिन चालू करताच पेडल थोडं खाली जातं, ते पण मास्टर सिलेंडर गेल्याचं लक्षण ना?

हत्यारपेटी

नाही, ते बूस्टर चांगला असल्याचं लक्षण. पाय ठेवून इंजिन सुरू केलं की व्हॅक्यूम मदतीला येतो आणि पेडल थोडं खाली जाऊन थांबतं. थांबतं की नाही, तेवढं बघायचं. या एका गैरसमजापायी चांगले सिलेंडर बदललेले मी पाहिलेत, म्हणून चाचणी नेहमी इंजिन बंद ठेवूनच करायला सांगतो.

आंबेनळी_उतार

माझाही अगदी असाच प्रॉब्लेम! महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना निम्म्या घाटात पेडल एकदम मऊ झालं, जवळजवळ तळाला टेकलं. गाडी कडेला घेतली, चहा पिऊन परत आलो तर पेडल पूर्वीसारखं. मास्टर सिलेंडर बदलायला सांगू का?

हत्यारपेटी

तुमची गोष्ट वेगळी आहे. थंड झाल्यावर आपोआप बरं झालं ना? मग ती वाफ. डॉट ३ आणि डॉट ४ दोन्ही ऑइलं हवेतलं पाणी ओढून घेतात. नवीन डॉट ४ कमीत कमी २३० अंशांना उकळायला हवं, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ अंशांवर येऊ शकते. घाटात ब्रेकवर पाय ठेवूनच उतरलं की कॅलिपरमध्ये तेवढी उष्णता होते. ऑइल बदला, आणि उतार खालच्या गिअरमध्ये उतरा. पॅड किती उरलेत तेही बघून घ्या. ते पातळ झाले की उष्णता लवकर आत पोचते.

मृणाल_सातारा

चाचणी केली. अंगणात, इंजिन बंद ठेवून. हलका पाय ठेवला तर अर्ध्या मिनिटात पेडल जवळपास मॅटला लागलं. भाऊ टाकीकडे बघत होता. पहिली उसळी झाली आणि नंतर एका भागात तळातून बारीक धार वर येत राहिली, जणू आत कोणी फुंकर घालतंय. दुसरा भाग मात्र शांत होता. मग जोरात दाबून बघितलं तर पेडल जागेवर राहिलं आणि धारही थांबली.

म्हणजे सिलेंडरच ना? पण ऑइल बदलायच्या आधी हे नव्हतं. तेव्हा मऊ होतं, पण खाली बसत नव्हतं.

हत्यारपेटी

सिलेंडरच दिसतोय. टाकी मध्ये पडदा घालून दोन भागांत केलेली असते, कारण सिलेंडरमध्ये एकामागे एक असे दोन पिस्टन आणि दोन वेगळ्या लाइन असतात. पुढचा ड्राइव्ह असलेल्या छोट्या गाड्यांत बहुधा एका लाइनवर पुढचं एक चाक आणि त्याच्या तिरक्या बाजूचं मागचं एक, अशी विभागणी असते. तुमच्या एका पिस्टनचा कप ऑइल सोडतोय.

आता तुमचा प्रश्न, तोच या धाग्यात खरा महत्त्वाचा. वर्षानुवर्षं पेडल रोज अर्ध्यापर्यंतच जातं. पिस्टन सिलेंडरच्या तेवढ्याच भागात फिरतो आणि तेवढी भिंत घासून गुळगुळीत राहते. त्याच्या पुढच्या भागात कप कधी जातच नाही. तिथे जुन्या ऑइलचा गाळ बसतो, ऑइलमध्ये पाणी मुरलेलं असेल तर गंज धरतो. गाडी उभी राहिली की आणखी वाढतो. मग एक दिवस कोणी हवा काढायला बसतं आणि निपल उघडल्यावर पेडल पार तळापर्यंत दाबतं, एकदा नाही, पन्नासदा. जुना कडक झालेला कप त्या खरखरीत भागावरून पुढे-मागे जातो आणि त्याची पाळ फाटते. लगेच कळत नाही. काही दिवसांनी पेडल बसायला लागतं. लोक मग म्हणतात हवा राहिली, पुन्हा हवा काढतात आणि उरलासुरला कपही जातो.

म्हणून जुन्या गाडीची हवा काढताना मी पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवतो. पेडल रोज जिथवर जातं त्याच्या फार पुढे जाऊच द्यायचं नाही. वेळ जास्त लागतो, पण सिलेंडर वाचतो. घाई नसेल तर टाकी भरलेली ठेवून निपल उघडायचं आणि ऑइल आपल्या वजनाने उतरू द्यायचं. तेव्हा पेडलला हातही लावावा लागत नाही.

नचिकेत_नाशिक

मुद्दा बरोबर आहे, पण सिलेंडर बदलण्याआधी एक पक्की चाचणी करून घ्यायला हवी. दोन्ही पाइप काढून सिलेंडरच्या तोंडांवर त्याच आट्याचे भरीव प्लग बसवायचे. मग मागे फक्त सिलेंडर उरतो, लाइन नाही, होज नाही, चाकं नाहीत. पेडल जेमतेम हललं आणि दगडासारखं उभं राहिलं तर सिलेंडर चांगला, दोष पुढे कुठेतरी. प्लग लावूनही बसलं तर वाद संपला.

हत्यारपेटी

हे मान्य, मीही हेच करतो. दोन सूचना. पाइपाचं नट साध्या पान्याने सोडू नये. कडा गोल होतात आणि मग पाइपच बदलावा लागतो. त्यासाठी फ्लेअर नट पाना वापरायचा. आणि प्लग लावताना तोंडाशी थोडी हवा अडकते, तेव्हा प्लग किंचित सैल ठेवून पेडल हळू दाबायचं आणि ऑइल बाहेर येताना घट्ट करायचा. नाहीतर तेवढ्या हवेने पेडल मऊ लागतं आणि चांगल्या सिलेंडरवर ठपका येतो.

ताई, तोवर गाडी चालवू नका. हलक्या पायाला आज बसतंय ते उद्या जोराच्या पायालाही बसेल. चालत्या गाडीत कधी पेडल गेलंच तर भराभर पंप मारा, गिअर उतरवत न्या आणि हँडब्रेक बटण दाबून धरून हळूहळू ओढा.

रेश्मा_डोंबिवली

माझ्या गाडीला एबीएस आहे. पुढचे कॅलिपर बदलल्यापासून पेडल मऊ आहे. खाली बसत नाही, पंप मारले की कडक होतं, पुन्हा मऊ. हवा काढून काढून थकले.

हत्यारपेटी

ही हवाच. कॅलिपर बसवलेत त्याचे निपल कुठे आहेत ते आधी बघा. डावा उजवीकडे बसला की निपल खाली येतं आणि वरच्या कोपऱ्यात अडकलेली हवा जन्मात निघत नाही. निपल वरच असायला हवं. ते बरोबर असेल तर हवा एबीएसच्या ब्लॉकमध्ये असू शकते. अनेक गाड्यांत तिथली हवा नुसत्या पेडलने निघत नाही, स्कॅनर लावून आतला पंप आणि झडपा चालवाव्या लागतात.

रेश्मा_डोंबिवली

निपल खाली आहेत! दोन्ही! फोटो काढून मेकॅनिकला पाठवला. ते म्हणतात उद्या अदलाबदल करतो.

चाकोरी

रात्रभर पेडल दाबून बांधून ठेवलं तर हवा वर येते म्हणतात. माझ्या बाइकचा पुढचा ब्रेक असाच ठीक झाला होता. लिव्हर रबराने आवळून ठेवली, सकाळी टणक.

हत्यारपेटी

बाइकला चालतं, कारण टाकी हँडलवर सगळ्यात वर आणि पाइप सरळ चढत जातो. बुडबुडा आपोआप वर येतो. गाडीत पाइप आधी खाली उतरतो, आडवा जातो, पुन्हा चढतो. हवा मधल्या उंचवट्यावर बसून राहते. त्यात ताईंच्या सिलेंडरचे कप गेलेले असताना रात्रभर पेडल दाबून ठेवायचं म्हणजे ते तळाशीच बसणार.

मृणाल_सातारा

नवीन माहिती. शेजारच्या गल्लीतले एक मेकॅनिक घरी आले, त्यांना हा धागा वाचून दाखवला. प्लग लावून पाहिलं. पेडल तरीही बसलं. सिलेंडर काढला, बूस्टरच्या बाजूला टॉर्च मारून बघितलं, तिथे ओल नव्हती.

जुना सिलेंडर माझ्यासमोर उघडला. तोंडापासून आतवर भिंत आरशासारखी चकचकीत, आणि एका ठिकाणी गोल रेघ आखल्यासारखी सीमा. त्याच्या पुढे चॉकलेटी रंगाचा थर, नखाला खरखरीत लागणारा. कपाच्या कडेला बारीक बारीक चिरा होत्या आणि एका जागी पाळेचा तुकडाच नव्हता. हत्यारपेटी यांनी लिहिलं होतं तसंच.

मेकॅनिक म्हणतात रबर किट टाकू, स्वस्तात होईल. टाकावं का?

नचिकेत_नाशिक

किट टाकू नका. भिंत खरखरीत असेल तर नवीन कपही थोड्याच दिवसांत तसाच फाटेल. पूर्ण सिलेंडर घ्या.

हत्यारपेटी

इथे मी थोडा वेगळा आहे. नुसता गाळ असेल, स्वच्छ ब्रेक ऑइल आणि कापडाने पुसून निघत असेल आणि खाली भिंतीत खड्डा नसेल, तर चांगल्या कंपनीच्या किटवर गाड्या वर्षानुवर्षं चाललेल्या आहेत. खड्डा नखाला अडकला तर किट नको. ॲल्युमिनियमचा सिलेंडर असेल तर पॉलिश पेपर मुळीच मारायचा नाही, वरचा कठीण थर निघून जातो.

नचिकेत_नाशिक

ब्रेकच्या बाबतीत "पुसून निघत असेल तर" हा निकष मला पुरेसा वाटत नाही. आतला भाग उजेडात नीट दिसतही नाही.

हत्यारपेटी

तुमची सावधगिरी चुकीची आहे असं नाही म्हणणार. ताईंच्या बाबतीत १४ वर्षांचा सिलेंडर आहे आणि थर नखाला लागतोय, तेव्हा नवीनच घ्या.

आणि नवीन सिलेंडर गाडीला लावण्याआधी शिकंज्यात धरून भरायचा. दोन छोट्या नळ्या दोन्ही तोंडांतून परत टाकीत, ऑइलखाली बुडतील अशा वळवायच्या. बोथट दांड्याने पिस्टन थोडा थोडा आत ढकलायचा आणि सावकाश सोडायचा. बुडबुडे थांबले की झालं. कोरडा सिलेंडर तसाच बसवला की त्यातली हवा चार चाकांमधून काढता काढता दिवस जातो. बूस्टरचा पुशरॉड आणि पिस्टन यांच्यात किंचित मोकळी जागा राहते ना, तेही बघायला सांगा. रॉड लांब पडला तर ऑइल परतायचं भोक झाकलेलं राहतं आणि ब्रेक हळूहळू आपोआप जाम व्हायला लागतात.

मृणाल_सातारा

नवीन पूर्ण सिलेंडर बसवला. आधी भरून घेतला, मग चारही चाकांची हवा काढली, पेडलखाली ठोकळा ठेवून. हलक्या पायाची चाचणी केली: एक मिनिटभर पेडल जागचं हललं नाही. टाकीतही पहिल्या उसळीनंतर शांत.

दोन गोष्टी राहिल्यात. पेडल लागायच्या आधी जरा जास्त खाली जातं. आणि खूप जोरात दाबलं की शेवटी थोडंसं दबल्यासारखं वाटतं.

हत्यारपेटी

पहिल्यासाठी हँडब्रेक तीन-चार दात ओढून पेडल दाबा. वर आलं तर मागचे ब्रेक शू ड्रमपासून लांब राहतायत. ॲडजस्टर अडकला असेल, ड्रम काढून तो मोकळा करा.

दुसऱ्यासाठी पुढच्या चाकांचे रबरी होज बघा. पेडल जोरात दाबायला सांगून होजवर बोटं ठेवा, फुगल्यासारखं लागतं का ते बघा. होजला क्लॅम्प लावून एकेक बाजू बंद करून बघितलं तर कुठली बाजू दबते ते कळेल.

नचिकेत_नाशिक

१४ वर्षांच्या होजला क्लॅम्प नको. आतला थर फाटतो आणि मग ऑइल जातं पण परत येत नाही, चाक धरून राहतं. चारही होज बदलून टाका, तसेही वय झालंय.

हत्यारपेटी

बदलणारच असतील तर क्लॅम्पची गरज नाही, खरं आहे. पण चारही बदलायला मी अजून सांगणार नाही. आधी मागचा ॲडजस्टर होऊ दे, पुष्कळदा दोन्ही तक्रारी एकदम जातात.

मृणाल_सातारा

हँडब्रेक ओढून पाहिला, पेडल स्पष्ट वर आलं. डाव्या मागच्या ड्रमचा ॲडजस्टर पार जाम होता, तो काढून साफ करून बसवला. आता पेडल पहिल्या इंचातच लागतं. जोरात दाबल्यावरचं ते दबणं कमी झालंय, पण पूर्ण गेलेलं नाही. उजव्या पुढच्या होजवर बाहेरून बारीक भेगा दिसल्या, तेवढा एक मागवलाय. बसवल्यावर फरक पडला की नाही ते इथे लिहीन.

डेपोवाले_काका

होज बसवला की त्या चाकाची हवा पुन्हा काढ, आणि ठोकळा विसरू नकोस.